चौकोनी तरंगाच्या कडेचा उंचवटा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

चौकोनी तरंग दोनच किमती घेतो. ०° पासून १८०° पर्यंत तो +१ वर असतो, १८०° पासून ३६०° पर्यंत −१ वर, आणि पुढे हेच चक्र चालू राहते. ०° आणि १८०° या जागी तो एका क्षणात २ एककांची उडी घेतो. हा तरंग साइन वक्रांच्या बेरजेत मांडला की पुढील श्रेणी मिळते:

f(x) = (4/π) [ sin x + (sin 3x)/3 + (sin 5x)/5 + (sin 7x)/7 + … ]

ही श्रेणी कुठेतरी थांबवून पहिल्या n पदांची बेरीज काढली तर तिला आंशिक बेरीज म्हणतात. तिचा आलेख चौकोनी तरंगासारखा दिसू लागतो, पण उडीच्या अगदी शेजारी तो +१ ची पातळी ओलांडून वर जातो, मग खाली येतो आणि बारीक लहरी घेत स्थिरावतो. उडीच्या दुसऱ्या बाजूला तोच प्रकार −१ च्या खाली घडतो. या उंचवट्याला ‘गिब्ज परिणाम’ असे नाव आहे. त्याच्याबद्दल वर्गात, प्रयोगशाळेत आणि पुस्तकांतही बऱ्याच चुकीच्या गोष्टी पक्क्या झालेल्या आढळतात. त्यांतल्या बहुतेक गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, म्हणूनच त्या टिकून आहेत.

गैरसमज: गुळगुळीत साइन वक्र कितीही मिळवले तरी त्यांतून उडी तयार होऊच शकत नाही.

हे मानणारा माणूस एकटा नाही. १८२१ साली कोशी यांनी आपल्या विश्लेषणाच्या पाठ्यपुस्तकात, सलग फलांच्या अभिसारी श्रेणीची बेरीजही सलगच असते, असे प्रमेय म्हणून लिहिले होते. पदांची संख्या सांत असेल तर ते बिनचूक आहे: दहा पदे घ्या की दहा लाख, वक्र कुठेही तुटत नाही. चूक होते ती सांत बेरजेचा हा गुण अनंत बेरजेला आपोआप लागू करताना. आबेल यांनी १८२६ मध्ये sin x − (sin 2x)/2 + (sin 3x)/3 − … ही श्रेणी पुढे करून दाखवले की तिचे प्रत्येक पद सलग आहे, श्रेणी सर्वत्र अभिसारी आहे आणि तरीही तिच्या बेरजेत उड्या आहेत. चौकोनी तरंगाची श्रेणी त्याच कुळातली आहे. n वाढवत नेले की आंशिक बेरजेचा ०° पाशी असलेला चढ अधिकाधिक उभा होत जातो. त्या जागी त्याचा उतार नेमका 4n/π इतका असतो. कोणताही आंशिक वक्र उडी घेत नाही, उडी असते फक्त सीमेत. हा फरक लक्षात ठेवला तर पुढचे बरेच गैरसमज आपोआप सैल होतात.

गैरसमज: पदे वाढवत नेली की उंचवटा कमी होत होत नाहीसा होतो.

हा सर्वांत पसरलेला आणि सर्वांत समजण्यासारखा गैरसमज आहे, कारण सुरुवातीचे आकडे त्याच्याच बाजूने बोलतात. एकाच पदाच्या वक्राची कमाल उंची १.२७३ आहे. दोन पदे घेतली की ती १.२०० होते, तीन पदांना १.१८८, पाच पदांना १.१८२. एवढे पाहिल्यावर ही संख्या १ कडे निघाली आहे असे कोणालाही वाटेल. पण दहा पदांना ती १.१८० वर येते आणि तिथून पुढे जवळपास हलत नाही. ती १.१७९० या किमतीकडे जाते आणि तिच्या खाली कधीच उतरत नाही.

असे का होते, हे हाताने तपासता येते. आंशिक बेरजेचे अवकलन केले तर आतल्या कोसाइनांची बेरीज एका आटोपशीर रूपात मिळते:

S_n′(x) = (2/π) · (sin 2nx) / (sin x)

उडीनंतर हा उतार पहिल्यांदा शून्य होतो तो 2nx = १८०° असताना, म्हणजे उंचवट्याचे टोक उडीपासून ९०°/n अंतरावर असते. दहा पदांना ९° वर, शंभर पदांना ०.९° वर, हजार पदांना ०.०९° वर. टोक उडीकडे सरकत जाते हे इथेच स्पष्ट होते. आता त्या टोकाची उंची काढायची. दहा पदांचे उदाहरण घेऊ. x = ९° ठेवले की पदे होतात sin ९°, (sin २७°)/३, (sin ४५°)/५ आणि असेच शेवटी (sin १७१°)/१९ पर्यंत. यांची बेरीज ०.९२६६ आहे, तिला 4/π म्हणजे १.२७३२ ने गुणले की १.१७९८ मिळतात.

या दहा पदांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावे. त्यांतले कोन ९°, २७°, ४५° … १७१° असे समान अंतरावर आहेत आणि ते ०° ते १८०° हा पट्टा दहा सारख्या भागांत वाटल्यावर प्रत्येक भागाच्या बरोबर मध्यावर येतात. शिवाय प्रत्येक साइनला भागणारी विषम संख्या तिच्या कोनाच्याच प्रमाणात आहे. म्हणजे ही बेरीज दुसरे तिसरे काही नसून (sin u)/u या वक्राखालच्या ० ते π पर्यंतच्या क्षेत्रफळाचा अर्धा भाग आहे, दहा पट्ट्यांत कापून अंदाजे मोजलेला. n वाढवणे म्हणजे पट्ट्या बारीक करणे. पट्ट्या बारीक केल्याने क्षेत्रफळाची मोजणी अचूक होते, क्षेत्रफळ लहान होत नाही. ते क्षेत्रफळ १.८५१९ आहे आणि त्याला 2/π ने गुणले की १.१७९० मिळतात.

आता प्रश्न उरतो तो हे उत्तर १ पेक्षा जास्त का, हा. (sin u)/u हा वक्र π पर्यंत धन असतो, नंतर 2π पर्यंत ऋण, मग पुन्हा धन, आणि प्रत्येक फेरीत त्याची उंची घटत जाते. ० पासून अनंतापर्यंतचे एकूण क्षेत्रफळ π/2 आहे, म्हणजे 2/π ने गुणल्यावर बरोबर १. पण पहिला धन भाग एकटाच या एकूण उत्तरापेक्षा मोठा आहे. जास्तीचे जेवढे झाले तेवढे पुढचे ऋण आणि धन भाग मिळून फेडतात. टोकापाशी फक्त पहिला भाग जमा झालेला असतो, वजाबाकी अजून सुरूच झालेली नसते. या हिशेबात n कुठेही नाही, आणि म्हणूनच उंची n वर अवलंबून राहत नाही.

या गैरसमजाला संगणकावरचा आलेखही खतपाणी घालतो. समजा हजार पदांचा आलेख दर १° ला एक बिंदू घेऊन काढला. टोक ०.०९° वर आहे आणि पहिला बिंदू आहे ०° वर, दुसरा १° वर. तिथे वक्राची किंमत सुमारे १.०२ असते. टोक दोन बिंदूंच्या मध्ये सापडून नाहीसे होते आणि बघणारा समजतो की पदे वाढवल्यामुळे उंचवटा गेला. खात्री करायची असेल तर n कितीही असो, नेमक्या ९०°/n या कोनावर बेरीज काढून पाहावी.

उंचवट्याची मापेही दोन प्रकारे सांगितली जातात आणि त्यातून विनाकारण वाद होतात. जास्तीची उंची ०.१७९ आहे. ती +१ या पातळीच्या तुलनेत सुमारे १८ टक्के होते, पण २ एककांच्या पूर्ण उडीच्या तुलनेत ८.९५ टक्के. ‘९ टक्के’ आणि ‘१८ टक्के’ ही दोन्ही विधाने बरोबर आहेत. कशाच्या तुलनेत ते सांगितले पाहिजे. शिवाय पूर्ण उडीशी असलेले हे प्रमाण फक्त चौकोनी तरंगापुरते नाही. दोन उड्यांच्या मधला वक्र नीट वागणारा असेल तर करवती तरंगाच्या किंवा इतर कोणत्याही आवर्ती फलाच्या एकेका उडीपाशी हेच ८.९५ टक्के मिळतात.

गैरसमज: उंचवटा कायम राहतो, म्हणजे ही श्रेणी चौकोनी तरंगाकडे जातच नाही.

आधीची गोष्ट पटली की पुष्कळ जण या दुसऱ्या टोकाला जातात. तर्क सरळ वाटतो: ९ टक्के चूक कायम असेल तर अभिसरण कसले? याचे उत्तर एका ठिकाणी उभे राहून पाहिल्यावर मिळते. ९° हाच कोन पक्का धरू आणि फक्त पदे वाढवू. दहा पदांना तिथे उंचवट्याचे टोक आहे, किंमत १.१८. वीस पदांना टोक ४.५° वर सरकलेले असते आणि ९° वर आता पहिली दरी आलेली असते, किंमत ०.९०. तीस पदांना १.०७, चाळीस पदांना ०.९५, शंभर पदांना ०.९८, हजार पदांना ०.९९८. उंचवटा या बिंदूवरून एकदाच गेला आणि परत येत नाही. ०° आणि १८०° सोडून कोणताही कोन निवडा, त्याचे हेच होते. उडीच्या नेमक्या जागी मात्र प्रत्येक पद शून्य असते, त्यामुळे तिथे बेरीज नेहमी ० राहते, +१ आणि −१ यांच्या बरोबर मध्ये. १८२९ मध्ये डिरिक्ले यांनी सिद्ध केलेले प्रमेयही उडीच्या जागी हेच सांगते.

म्हणजे प्रश्न दोन आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. एक बिंदू पक्का धरून n वाढवला तर चूक शून्याकडे जाते का? जाते. प्रत्येक n साठी सर्व बिंदूंमधली सर्वांत मोठी चूक पाहिली तर ती शून्याकडे जाते का? जात नाही. पहिल्याला बिंदुशः अभिसरण म्हणतात, दुसऱ्याला एकसमान अभिसरण. ही श्रेणी बिंदुशः अभिसारी आहे, एकसमान अभिसारी नाही, आणि तसे असणे शक्यही नाही: एकसमान अभिसरण असते तर कोशी यांचे प्रमेय खरे ठरले असते आणि सीमेतला वक्र सलग आला असता. उडी हवी असेल तर एकसमान अभिसरण सोडावेच लागते.

गैरसमज: फूरिए सहगुणक सर्वोत्तम असतात, तेव्हा त्यांनी काढलेल्या वक्रात असा दोष असूच नये.

‘सर्वोत्तम’ हा शब्द इथे एका विशिष्ट अर्थाने खरा आहे. तेवढीच साइन पदे वापरून चुकीच्या वर्गाची सरासरी लहानात लहान करायची असेल तर हेच सहगुणक लागतात, दुसरे कोणतेही नाहीत. ती सरासरी झपाट्याने घटते: दहा पदांना सुमारे ०.०२, शंभर पदांना ०.००२, म्हणजे साधारण २/(π²n). विजेच्या भाषेत सांगायचे तर दहा पदांत तरंगाची ९८ टक्के शक्ती येऊन जाते. पण सरासरीचे हे माप एका अरुंद टोकाला फारसे मोजत नाही. टोकाची उंची तशीच राहते आणि रुंदी 1/n च्या प्रमाणात आक्रसते, त्यामुळे सरासरीतला त्याचा वाटा शून्याकडे जातो. ज्या कसोटीवर हे सहगुणक निवडले गेले ती कसोटी ते उत्तम प्रकारे पार करतात. सर्वांत मोठी चूक लहान ठेवणे ही त्यांची अटच नव्हती.

गैरसमज: सहगुणक थोडे मऊ केले की उंचवटा फुकटात जातो.

उंचवटा जातो हे खरे, फुकटात जात नाही. फेयेर यांनी १९०० मध्ये आंशिक बेरजांची सरासरी घेण्याचा मार्ग दाखवला. त्यात वरची पदे टप्प्याटप्प्याने हलकी होत जातात, म्हणजे श्रेणी एकदम तोडली जात नाही. अशी सरासरी +१ च्या वर कधीच जात नाही. पण तिची किंमत पाहा: दहा पदांच्या ज्या वक्राचे ९° वर १.१८ चे टोक होते, त्याच दहा पदांना फेयेर यांचे भार लावले की ९° वर वक्र फक्त ०.७७ पर्यंत पोचतो. मूळ आंशिक बेरीज साधारण साडेपाच अंशांवरच +१ ला भिडलेली होती. फेयेर यांचा वक्र त्या पातळीला आयुष्यात भिडत नाही, फक्त जवळ येत राहतो. कडा बोथट झाली. लान्झोस यांचे भार हा मधला मार्ग आहे: त्यात उंचवटा पूर्ण उडीच्या सुमारे १.२ टक्क्यावर येतो, पण चढ रुंदच होतो. पदांची संख्या ठरलेली असेल तर तीव्र कडा आणि शांत माथा यांत निवड करावीच लागते. प्रतिमा दाबून साठवताना किंवा ध्वनीचे गाळक बनवताना हीच निवड रोज केली जाते, आणि त्यातली कोणतीही चुकीची नाही; उपयोग कशासाठी आहे त्यावर ती ठरते.

गैरसमज: मायकेल्सन यांच्या यंत्रात हा उंचवटा दिसला, तो त्यांना यंत्राचा दोष वाटला, आणि गिब्ज यांनी मग तो शोधून काढला.

ही गोष्ट सांगायला छान आहे आणि तिचे धागे खरे आहेत, म्हणून ती टिकली. मायकेल्सन आणि स्ट्रॅटन यांनी १८९८ मध्ये ८० पदे मिळवणारे यांत्रिक विश्लेषक यंत्र खरोखर बांधले होते आणि त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये मायकेल्सन यांचे फूरिए श्रेणीवरचे पत्र छापून आले होते. पण त्या पत्राचा विषय उंचवटा नव्हताच. उडीच्या जागी श्रेणीची सीमा काय मानायची, या अभिसरणाच्या प्रश्नावर त्यांचा आक्षेप होता, आणि त्यावर लव्ह यांनी उत्तर दिले. गिब्ज या वादात आले तेव्हा त्यांच्या डिसेंबर १८९८ च्या पहिल्या पत्रातही उंचवटा निसटला होता. एप्रिल १८९९ मध्ये त्यांनी दुरुस्तीचे छोटे पत्र पाठवले: आंशिक वक्रांच्या सीमेत जी उभी रेघ उरते ती उडीपेक्षा लांब असते, आणि किती लांब ते त्याच (sin u)/u च्या संकलनातून मिळते. सिद्धता त्यांनी दिली नाही. ती सविस्तर मांडली बोशर यांनी १९०६ मध्ये, आणि ‘गिब्ज परिणाम’ हे नावही त्यांनीच रुळवले.

यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे पहिला शोध या सर्वांच्या पन्नास वर्षे आधीचा आहे. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातले तरुण गणिती हेन्री विलब्रॅम यांनी १८४८ मध्ये चौकोनी तरंगाच्याच श्रेणीवर एक लेख लिहिला, त्यात वक्राच्या लहरी काढून दाखवल्या आणि टोकाची मर्यादाही काढली. लेख विस्मरणात गेला. श्रेय द्यायचे तर पहिले विलब्रॅम यांना द्यावे लागते.

गैरसमज: ऑसिलोस्कोपवर चौकोनी तरंगाच्या कडेला दिसणारी प्रत्येक लहर म्हणजे गिब्ज परिणाम.

दोन्ही चित्रे सारखी दिसतात, त्यामुळे गल्लत होते. पण मंडलातली तार, प्रेरकत्व आणि धारकत्व यांमुळे होणारे दोलन हा वेगळा प्रकार आहे. खऱ्या मंडलाला कडा येणार हे आधी कळत नाही, त्यामुळे त्याची लहर फक्त कडेच्या नंतर उमटते. तिची उंची ९ टक्क्यांना बांधलेली नसते, ती शून्यही असू शकते किंवा ४० टक्केही, आणि रोध बदलला की तीही बदलते. आंशिक बेरजेच्या लहरी उडीच्या दोन्ही बाजूंना सारख्या असतात: नंतर जेवढा उंचवटा, आधी तेवढाच खड्डा. त्यांचा ऱ्हासही सावकाश, उडीपासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात होतो, घातांकी नव्हे.

अंकीय ऑसिलोस्कोपवर मात्र कडेच्या आधीही लहर दिसू शकते. कडा जर नमुने घेण्याच्या वेगापेक्षा जलद असेल आणि यंत्र नमुन्यांमधली जागा (sin x)/x या सूत्राने भरत असेल, तर ते सूत्रच ठराविक वारंवारतेच्या वरचे सर्व काही तोडते आणि आंशिक बेरजेसारखाच परिणाम पडद्यावर आणते. तपासायला सोपे आहे: जोडणीचा पर्याय बंद करून फक्त नमुन्यांचे ठिपके पाहावेत. ठिपके कडेच्या आधी सपाट रेषेत असतील तर ती लहर तारेतून आलेली नाही, पडद्यावर वक्र जोडताना तयार झालेली आहे. ठिपकेच वरखाली असतील तर ती नमुने घेण्याआधीच सिग्नलमध्ये होती, आणि तिचे कारण मंडलात किंवा यंत्राच्या आतल्या गाळकात शोधावे.